घरगुती केशतेलाचं लेबल: परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि ‘केसगळती थांबते’

प्रश्न: मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. घरी माका, जास्वंद घालून केसाचं तेल करते. आतापर्यंत ओळखीत आणि बचत गटाच्या प्रदर्शनात विकलं. आता दिवाळीला १०० मिलीच्या बाटल्या नीट लेबल लावून ऑनलाइन विकायच्या आहेत. लेबलवर काय काय हवं? घटक कसे लिहायचे? ‘केसगळती थांबते, कोंडा जातो, १०० टक्के आयुर्वेदिक, केमिकल-फ्री’ असं लिहिलं तर चालेल का? माल अगदी थोडा असतो, त्यालाही परवाना लागतो का?

उत्तर:

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय लेबल पूर्णच होत नाही. परवाना लागतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालचे सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांत ‘थोडा माल’ अशी सूट नाही. महिन्याला वीस बाटल्या करा नाहीतर वीस हजार, विकण्यासाठी बनवलं की तो उत्पादक. राज्यात परवाना अन्न व औषध प्रशासन देतं, आणि त्याचा क्रमांक प्रत्येक बाटलीवर छापावा लागतो. म्हणून लेबल डिझाइन करणाऱ्याकडे जाण्याआधी हा क्रमांक कुणाचा असणार, हे ठरवून घ्या.

घरच्या स्वयंपाकघराला हा परवाना मिळत नाही. उत्पादनाची जागा राहत्या घरापासून वेगळी हवी, घरातून तिथे थेट ये-जा नको, भिंती-फरशी धुता येण्यासारख्या हव्यात, पात्र तांत्रिक माणूस हवा. तुमच्यासारख्या बहुतेकजणी म्हणून दुसरी वाट धरतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल अशा औद्योगिक वसाहतींत चौकशी करून परवाना असलेला कारखाना शोधायचा आणि आपल्या फॉर्म्युल्याने त्याच्याकडून माल करून घ्यायचा. यात दोन प्रकार आहेत. एकात तो कारखानदार तुमचं तेल स्वतःच्या परवान्यात वाढवून घेतो आणि उत्पादक तोच राहतो. दुसऱ्यात तुम्ही त्याच्या जागेवर ‘लोन लायसन्स’ काढता, म्हणजे जागा आणि यंत्रं त्याची, परवाना तुमच्या नावाचा. पहिला प्रकार सुरुवातीला सोपा जातो. लेबलवर मात्र त्याचं नाव, कारखान्याचा पूर्ण पत्ता आणि त्याचा परवाना क्रमांक येतो. तुमचं नाव ‘मार्केटेड बाय’ म्हणून वेगळ्या ओळीत. अनेकींना हे खुपतं. आपल्या ब्रँडखाली दुसऱ्याचं नाव नको म्हणून कारखान्याचा पत्ता गाळतात आणि राजारामपुरीतला घरचा पत्ता ‘उत्पादक’ म्हणून छापतात. हा खोटा तपशील ठरतो आणि बाटली ‘मिसब्रँडेड’ होते. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी कलम २७-ए मध्ये आहे.

आता घटकांची यादी. माझ्याकडे येणाऱ्या लेबलांत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच असतो.

नियम एका वाक्याचा आहे. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने, म्हणजे जास्त आधी आणि कमी नंतर. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, कोणत्याही क्रमाने. यादीच्या आधी ‘इन्ग्रेडियन्ट्स’ हा शब्द. द्रव माल ६० मिलीपेक्षा कमी असेल तर ही यादी छापण्याची सक्ती नाही, पण तुमची बाटली १०० मिलीची आहे, तिला सूट नाही. (५० मिलीची छोटी बाटली काढलीत तरी यादी छापाच. ऑनलाइन विकताना ती मागितली जातेच, आणि न छापणाऱ्याकडे गिऱ्हाईक उगीच संशयाने बघतं.)

दहा किलोच्या एका घाण्यावर करून दाखवतो. समजा खोबरेल ६ किलो, तिळाचं तेल २ किलो ५०० ग्रॅम, एरंडेल ९०० ग्रॅम, बदाम तेल ५०० ग्रॅम. झाले ९ किलो ९०० ग्रॅम. उरलेल्या १०० ग्रॅममध्ये रोझमेरीचं सुगंधी तेल ५० ग्रॅम, सुगंध ३० ग्रॅम, व्हिटॅमिन ई २० ग्रॅम. शिवाय वाळवलेला माका आणि जास्वंदीची फुलं खोबरेलात मंद आचेवर उकळून गाळून घेतलेली.

टक्के काढा: खोबरेल ६०, तीळ २५, एरंडेल ९, बदाम ५. हे चारही एक टक्क्याच्या वर, म्हणून याच क्रमाने. रोझमेरी अर्धा टक्का, सुगंध ०.३, व्हिटॅमिन ई ०.२. हे तिन्ही खालच्या गटात, इथे क्रम तुमच्या मर्जीचा. बदाम तेल महागाचं आणि गिऱ्हाइकाला आवडतं म्हणून ते पहिलं लिहिण्याचा मोह होतो. पाच टक्के बदाम, साठ टक्के खोबरेल. यादीत बदाम चौथाच.

माका-जास्वंद कुठे, हा खरा अवघड प्रश्न. तुम्ही कदाचित अर्धा किलो माका घालत असाल, पण तो गाळणीत राहतो. तेलात उतरतो तो त्याचा अंश. अर्धा किलो घातला म्हणून ‘माका ५ टक्के’ लिहिणं चूक, कारण चोथा बाटलीत जात नाही. उतरलेला अर्क वजनाने फार थोडा असतो, आणि तो नेमका किती हे प्रयोगशाळेत मोजल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून मी आधी सगळी मूळ तेलं लिहितो आणि माका-जास्वंद अर्क म्हणून एक टक्क्याखालच्या गटात टाकतो. त्या गटात क्रम मोकळा असल्यामुळे त्यांना तिथे पहिलं स्थान द्यायला हरकत नाही. मग तुमची यादी अशी होते. छापताना ही नावं रोमन लिपीत, इथे देवनागरीत देतो:

इन्ग्रेडियन्ट्स: कोकोस न्युसिफेरा (कोकोनट) ऑइल, सेसामम इंडिकम (सेसमी) सीड ऑइल, रिसिनस कम्युनिस (कॅस्टर) सीड ऑइल, प्रूनस अमिग्डॅलस डल्सिस (स्वीट आल्मंड) ऑइल, एक्लिप्टा प्रोस्ट्राटा एक्स्ट्रॅक्ट, हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस फ्लॉवर एक्स्ट्रॅक्ट, रोझमरिनस ऑफिसिनॅलिस (रोझमेरी) लीफ ऑइल, परफ्यूम, टोकोफेरॉल.

ही लांबलचक नावं सौंदर्यप्रसाधनांच्या आंतरराष्ट्रीय नामावलीतली आहेत. ‘माका’ म्हटलं की नगरच्या गिऱ्हाइकाला कळेल, पण बंगळुरूच्या गिऱ्हाइकाला किंवा त्वचारोगतज्ज्ञाला एक्लिप्टा लिहिल्यावरच कळेल. शेजारी मराठी नाव द्यायला मोकळीक आहे, आणि द्यावंच. एक बारकावा सांभाळा: सुगंध आणि व्हिटॅमिन ई, म्हणजे यादीतले परफ्यूम आणि टोकोफेरॉल, गाळू नका. व्हिटॅमिन ई तेल खवट होऊ नये म्हणून आहे, सुगंध बहुतेक वेळा कृत्रिम असतो, आणि यादीतून नेमके हे दोनच घटक ‘विसरले’ जातात. टाळू खाजली म्हणून कुणी बाटली घेऊन डॉक्टरांकडे गेलं, तर त्यांची नजर पहिल्यांदा सुगंधावरच जाते.

आता दावे. तुमच्या चार वाक्यांपैकी एकही तसंच ठेवता येणार नाही, पण प्रत्येकाचं कारण वेगळं आहे.

कायद्यात सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या मर्यादित आहे: शरीर स्वच्छ करण्यासाठी, सुंदर करण्यासाठी, आकर्षकपणा वाढवण्यासाठी किंवा रूप बदलण्यासाठी लावायची वस्तू. आजार बरा करण्यासाठी, टाळण्यासाठी किंवा त्यावर उपचार म्हणून वापरायची वस्तू ही औषध. बाटलीत तेच तेल असलं तरी लेबलवरच्या वाक्याने ते एका खणातून दुसऱ्या खणात जातं. ‘कोंडा जातो’, ‘टाळूचं इन्फेक्शन बरं होतं’, ‘टक्कल भरून येतं’ असं लिहिलं की तुमच्याकडे औषधाचा परवाना का नाही, असा प्रश्न उभा राहतो. टक्कल आणि नवीन केस येणं यांचा तर औषध नियमांच्या अनुसूची जे मध्ये नावानिशी उल्लेख आहे. हे बरं करण्याचा दावा परवानाधारक औषध कंपनीलाही करता येत नाही. गोरेपणाही त्याच यादीत आहे, पुढे फेस पॅक काढलात तर लक्षात ठेवा.

‘केसगळती थांबते’ याचं थोडं वेगळं आहे. मुळापासून केस गळणं ही शरीरातली गोष्ट: बाळंतपण, थायरॉइड, रक्तात लोह कमी असणं, आनुवंशिकता. तेलाने ती थांबते असं म्हणणं हा उपचाराचा दावा. पण कंगव्यात येणारे सगळेच केस मुळापासून सुटलेले नसतात. बरेचसे मधेच तुटलेले असतात. नीट पाहिलंत तर मुळापासून सुटलेल्या केसाच्या एका टोकाला पांढरट गाठ दिसते, तुटलेल्याला दिसत नाही. तुटणं कमी करणं हा केसाच्या काडीचा, म्हणजे रूपाचा विषय, आणि तो सौंदर्यप्रसाधनाच्या हद्दीत येतो. खोबरेलाला इथे खरा आधारही आहे. ते केसाच्या काडीत शिरतं आणि केस धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं होतं. त्यात खनिज तेल आणि सूर्यफूल तेल यांनी हा परिणाम दाखवला नाही. तुमच्या तेलात साठ टक्के खोबरेल आहे. त्यामुळे ‘केस तुटणं कमी करण्यास मदत’, ‘केस मऊ आणि चमकदार’, ‘विंचरायला सोपे’ ही वाक्यं लिहिता येतात. आधाराचा कागद फाइलला लावून ठेवा. उद्या कुणी विचारलं तर दाव्याचा पुरावा देणं दावा करणाऱ्याचं काम. आणि ‘९० टक्के कमी’ असा आकडा घालायचा असेल, तर तो तुमच्याच तेलावर चाचणी करून मिळालेला हवा.

कोंड्याच्या जागी काय? ‘टाळूचा कोरडेपणा कमी जाणवतो’ एवढं म्हणा. हे फिकं वाटेल, पण टाळू कोरडी पडून सुटणारे पापुद्रे आणि बुरशीमुळे होणारा कोंडा वेगळे. दुसऱ्यात तेलाने त्रास वाढूही शकतो, कारण ती बुरशी तेलकटपणावरच जगते. असं गिऱ्हाईक तेल लावून खाज वाढली म्हणून परत येतं आणि दोष बाटलीला देतं.

‘१०० टक्के आयुर्वेदिक’: आयुर्वेदिक म्हणून विकायचं तर त्याच कायद्याखाली आयुर्वेदिक उत्पादनाचा वेगळा परवाना लागतो. त्यासाठी घटक कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दिलेल्या ग्रंथांमध्ये असायला हवेत. माका, जास्वंद, तीळ सापडतील. रोझमेरी आणि परफ्यूम अडकतील. सौंदर्यप्रसाधनाच्या परवान्यावर माल करून वर ‘आयुर्वेदिक’ छापणं ही गल्लत दर दिवाळीच्या प्रदर्शनात दिसते. तुम्ही लिहा ‘माका व जास्वंदाच्या अर्कासह’. खरंही आहे आणि गिऱ्हाइकाला जे हवं ते कळतंही.

‘केमिकल-फ्री’ला तर अर्थच नाही. खोबरेल म्हणजे लॉरिक आम्ल आणि त्याचे भाऊबंद, तेही रसायनच. ‘पॅराबेन-फ्री’ची गंमत आणखी वेगळी: पॅराबेन हे जंतू वाढू नयेत म्हणून घालायचं रसायन, आणि पाण्याचा थेंब नसलेल्या तेलात त्याची सहसा गरजच नसते. जे कधी नव्हतं ते ‘नाही’ म्हणून मिरवलं की शेजारच्या बाटलीत ते असणार, असा समज होतो. सौंदर्यप्रसाधन नियमांत खोटा दावा जसा बंद आहे तसा गैरसमज करून देणाराही. ‘नैसर्गिक’ हा शब्द हवाच असेल तर कृत्रिम सुगंध काढा. पर्यावरणाच्या अंगाने ‘इको-फ्रेंडली’, ‘ऑरगॅनिक’ वगैरे लिहिणार असाल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ऑक्टोबर २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत प्रत्येक शब्दामागे पुरावा मागितला आहे.

‘एफडीए मान्यताप्राप्त’ हेही नको. अन्न व औषध प्रशासन उत्पादनाचा परवाना देतं. तेल चांगलं आहे असं प्रमाणपत्र देत नाही. परवाना क्रमांक छापा, विषय संपला.

हे सगळं फक्त बाटलीला लागू आहे असं समजू नका. कायद्याने बाटलीसोबत दिलेली कुठलीही गोष्ट लेबलासारखीच धरली आहे. म्हणजे बॉक्समध्ये टाकलेली चिठ्ठी, धन्यवादाचं कार्डसुद्धा. इन्स्टाग्रामवरची ओळ, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेला मेसेज या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जाहिराती ठरतात. अलीकडे एका बाईंनी लेबल अगदी चोख केलं, आणि पेजवर गिऱ्हाइकाचा मेसेज शेअर केला: ‘ताई, तुमच्या तेलाने माझं टक्कल भरलं.’ मेसेज दुसऱ्याचा, पण पुढे पाठवणारा हात विक्रेत्याचा. पोस्ट काढायला लावली. पुढच्या महिन्यात तीच ओळ कुणीतरी ‘स्टोरी’त परत टाकलेली दिसली. म्हणून तुमचं पेज दुसरं कुणी सांभाळत असेल तर त्यालाही हा नियम सांगून ठेवा.

बाकीचा मजकूर यांत्रिक आहे, फार वेळ घालवण्यासारखा नाही. तेलाचं नाव, बॅच नंबर, एक्स्पायरीचा महिना-वर्ष, उत्पादक, परवाना क्रमांक हे सौंदर्यप्रसाधन नियमांतलं. त्यावर वैधमापन विभागाचे आवेष्टित वस्तू नियम, २०११ वेगळे लागतात: मालाचं साधं नाव (‘केसाचे तेल’, नुसतं ‘केशामृत’ पुरत नाही), निव्वळ प्रमाण, उत्पादनाचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, एका मिलीची किंमत आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल. २५० रुपयांच्या १०० मिली बाटलीवर ‘२.५० रुपये प्रति मिली’ असं येतं. या नियमांत भाषेची एक अट बऱ्याच जणांना माहीत नसते: हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो. मराठी त्याच्या जोडीला चालते, एकटी चालत नाही. पूर्ण मराठी लेबल कितीही देखणं दिसलं तरी सक्तीचा मजकूर दुसऱ्यांदा इंग्रजीत छापा.

निव्वळ प्रमाणाशी जोडलेली एक चूक हमखास होते. तेल गरम असतानाच बाटलीत १०० मिलीच्या खुणेपर्यंत भरतात. साठ अंशांवर भरलेलं तेल सत्तावीस अंशांवर येईपर्यंत साधारण दोन टक्के आकसतं. बाटलीत उरतात अठ्ठ्याण्णव मिली. प्रत्येक बाटली थोडी थोडी कमी. त्यापेक्षा वजनावर भरा. खोबरेल-तिळाच्या मिश्रणाचं १०० मिली साधारण ९२ ग्रॅम भरतं. तुमच्या मिश्रणाचा नेमका आकडा थंड तेल मोजपात्रात मोजून एकदा काढून ठेवा, आणि दोन-तीन ग्रॅम सढळ हाताने घाला.

एक्स्पायरीची तारीख मात्र मनाने टाकू नका. ‘सगळे दोन वर्षं लिहितात’ म्हणून दोन वर्षं लिहिली जातात. तेलात पाणी नसेल तर जंतू वाढत नाहीत, पण तेल हवेने खवट होतं, आणि ओली जास्वंद घातली तर पाणीही राहतं. ओलावा राहिलाय का, हे कळायला चमचाभर तेल तापवा: तडतडलं किंवा आधी ढगाळ होऊन मग निवळलं, तर ओलावा आहे. त्या घाण्याची फुलं पूर्ण वाळली नव्हती. फुलं वाळवूनच घ्या, पावसाळ्यात तर जास्तच जपून. आपल्याकडच्या जुलैत सावलीत वाळवलेली फुलं दोन दिवसांत पुन्हा मऊ पडतात. तारीख ठरवायला बंद बाटल्या ४० अंशांच्या पेटीत ठेवून दर महिन्याला वास, रंग आणि तेल किती खवट झालं हे दाखवणारी आम्लमूल्य व पेरॉक्साइड मूल्य तपासतात. हे काम कारखाना किंवा खासगी प्रयोगशाळा करून देते. पहिल्या मालाला मी बारा महिन्यांपेक्षा जास्त तारीख देऊ देत नाही. प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या बाजूला ठेवायला लावतो, त्यांच्यावर भरवसा बसला की पुढच्या छपाईत मुदत वाढवतो.

तुम्ही दोन हजार लेबलं आधीच छापून घेतली असतील तर त्यावर पट्टी चिकटवून काम भागवण्याचा विचार करू नका. परवाना क्रमांक आणि कारखान्याचा पत्ता आल्यावर मजकूर तसाही बदलणारच आहे. कारखान्याशी बोलणी करतानाच घटकांच्या यादीचा मसुदा त्यांना द्या आणि त्यांच्या बॅच-नोंदीतल्या वजनांशी ताडून घ्या. कारखान्याने बदाम तेलाचा भाव वाढला म्हणून पाचाऐवजी दोन टक्के घातलं, तरी यादीचा क्रम तोच राहतो आणि लेबलवरून कुणालाच पत्ता लागत नाही. म्हणून करारात प्रत्येक घटकाची टक्केवारी लिहून घ्या आणि दर बॅचच्या नोंदीची प्रत मागा. आधी एकच छोटा घाणा काढायचा, शंभर बाटल्यांचा, लेबलंही डिजिटल छपाईवर तेवढीच. दिवाळीच्या मालाला अजून वेळ असेल तरी परवान्यात नवीन वस्तू वाढवून घ्यायलाही काही आठवडे जातात, ते धरूनच तारखा ठरवा. घरी केलेलं आत्ताचं तेल घरात वापरा. ते प्रदर्शनाच्या टेबलावर ठेवू नका.